‘माझं काम कॉपी केलं’ ही पोस्ट पुन्हा लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चित्रं काढते. ओळखीतल्या चित्रकारांनी रागाच्या भरात लिहिलेल्या पोस्ट त्या टाकायच्या आधी वाचून देण्याचं काम माझ्याकडे आपोआप आलं आहे. प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात. इथे मी ते एकाच प्रकरणाला धरून सोडवते आहे, म्हणजे उत्तरं हवेत राहणार नाहीत.

प्रकरण असं. माझ्या एका मैत्रिणीने ‘पानांचे आकार’ नावाचा तक्ता काढला होता. त्यात हाताने काढलेली झाडांची २४ पानं होती आणि प्रत्येकाखाली तिची एकेक ओळ. तो तिने ३ मार्चला टाकला. १९ जूनला दुसऱ्या एका क्रिएटरने मुलांसाठी निसर्गवही विकायला ठेवली. तिच्यातल्या एका पानावर २० पानांची चित्रं होती, आणि ती सगळी मैत्रिणीला आपली वाटली.

तिची पहिली पोस्ट कशी होती?

तिच्या परवानगीने जशीच्या तशी देते:

> आज अखेर बोलायची वेळ आली आहे. माझी चार महिन्यांची मेहनत एका माणसाने सरळ चोरली आहे. माझ्या तक्त्यातली सगळीच्या सगळी पानं ढापून स्वतःच्या नावाने विकायला ठेवली आहेत. माझा तक्ता समोर ठेवूनच हे केलं आहे आणि माझं नाव मुद्दाम काढलं आहे. अशा लोकांनी आजवर कोणाकोणाचं काय उचललं असेल कोण जाणे. थोडी तरी लाज वाटायला हवी होती. ज्यांनी ज्यांनी ती वही घेतली आहे त्यांनी पैसे परत मागा. मी गप्प बसणार नाही. मी कोणाबद्दल बोलते आहे ते तुम्हाला माहीत आहेच.

यात चूक काय? तिच्यावर अन्याय झाला होता ना?

झाला होता. म्हणूनच पोस्ट बदलायची होती. या नऊ वाक्यांपैकी समोरच्याला खोडून काढता येईल असं एक वाक्य मिळालं की तो तेवढ्यालाच उत्तर देतो आणि बाकीचं बाजूला पडतं. इथे तिसरंच वाक्य घ्या. वहीत २० चित्रं, तक्त्यात २४, म्हणजे ‘सगळीच्या सगळी’ हे मोजताक्षणी खोटं ठरतं. ते खोटं ठरलं की वाचणारा उरलेल्या आठ वाक्यांकडेही संशयाने बघतो.

सुरुवात कुठून करायची?

मी प्रत्येक वाक्याला विचारते: हे तुला दिसलं, की तू यावरून ताडलंस, की समोरच्याच्या मनात काय होतं हे तू सांगते आहेस?

तिच्या पोस्टमध्ये दिसलेली गोष्ट एकच होती. वही विकायला आहे आणि तिच्यात सारखी चित्रं आहेत. ‘तक्ता समोर ठेवूनच’ हा तर्क होता. तर्क वाईट नसतो, पण त्याच्यामागचा पुरावा शेजारी ठेवावा लागतो. ‘मुद्दाम काढलं’ हे समोरच्याच्या मनातलं झालं. ते तिला कळायला मार्गच नव्हता, म्हणून ते वाक्य गेलं. ‘आजवर कोणाकोणाचं’ या वाक्यात तर या प्रकरणाबाहेरचा आळ आहे. त्याला काडीचा आधार नव्हता. कायद्याच्या बाजूने बघितलं तरी अख्ख्या पोस्टमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य हेच, तेही गेलं.

‘बोलायची वेळ आली आहे’ आणि ‘गप्प बसणार नाही’ ही वाक्यं कोणतीच माहिती देत नाहीत. ती काढली तर कोणाला चुकल्यासारखं वाटत नाही.

‘चोरी’ हा शब्द का काढायचा? मला तर ती चोरीच वाटते.

कारण त्या एका शब्दात तीन दावे असतात: चित्र तुमचं आहे, त्यांनी ते घेतलं, आणि घेताना त्यांना ते चूक असल्याचं माहीत होतं. पहिले दोन तुम्ही दाखवू शकता. तिसरा जवळजवळ कधीच दाखवता येत नाही.

कोणाबद्दल असं विधान जाहीरपणे केलं आणि प्रकरण बदनामीच्या दाव्यापर्यंत गेलं, तर बऱ्याच देशांत ते खरं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी विधान करणाऱ्यावरच येते. ‘मला तसं वाटलं’ म्हणून सुटका होत नाही. ‘या ११ चित्रांच्या बाह्यरेषा माझ्या चित्रांवर तंतोतंत बसतात’ हे मात्र कोणीही स्वतः करून बघू शकतं. त्याला खोडायला समोरच्याला चित्रांवरच बोलावं लागतं.

‘ढापलं’, ‘उचलेगिरी’, ‘कॉपीकॅट’ हे शब्दही याच कारणाने काढायचे. ‘कॉपी’ मी कधी ठेवते, कधी नाही. पुरावा भक्कम असेल तर ‘माझ्या चित्रावरून काढलेलं दिसतं’ असं लिहिते. यातलं ‘दिसतं’ महत्त्वाचं आहे, कारण हा तुमचा निष्कर्ष आहे हे त्यातून वाचणाऱ्याला कळतं.

साम्य खरंच कॉपीचं आहे की योगायोगाचं, हे कसं ठरवायचं?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आम्ही दोन संध्याकाळी दिल्या, आणि पोस्टचा कणा याच दोन संध्याकाळींत तयार झाला.

पहिलं काम म्हणजे दोन्ही चित्रं एकाच फाइलमध्ये दोन लेयरवर ठेवणं. वरच्या लेयरची ओपॅसिटी निम्म्यावर आणायची आणि तो खालच्यावर बसवून बघायचा. वरचं चित्र लहान-मोठं करायला, फिरवायला आणि आरशासारखं उलटवायला हरकत नाही. पण एका बाजूने ताणायचं नाही. ताणलं की कुठलंही लांबट पान कुठल्याही लांबट पानावर बसतं आणि तुम्ही स्वतःचीच फसवणूक करता. रुंदी आणि उंची एकाच प्रमाणात बदलायची, हा नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही.

नंतर उलटी परीक्षा घ्यायची. हृदयाच्या आकाराचं पान त्यांच्या पानावर बसलं म्हणून लगेच खूश व्हायचं नाही. तिसऱ्याच कोणीतरी काढलेली तसली चार-पाच पानं घेऊन तीही बसवून बघायची. तीही तितकीच चांगली बसली तर बाह्यरेषेचं साम्य काहीच सांगत नाही, कारण तो आकारच तसा असतो. मग आत शिरायचं: मधल्या शिरेतून बाजूच्या शिरा कुठे फुटतात, किती फुटतात, कुठली शीर कडेच्या आधीच संपते.

या गाळणीतून २० पैकी ११ चित्रं तंतोतंत बसली. त्यातली ३ उलटवल्यावर बसली. ५ सारखी होती पण बसली नाहीत. ४ चा काही संबंधच नव्हता. सुरुवातीला मैत्रिणीला २० च्या २० आपली वाटली होती. रागात असताना डोळ्यांना साम्यच दिसतं, फरक दिसत नाही.

तिसरं काम चुका शोधायचं. तुमच्या चित्रातली अशी गोष्ट शोधा जी विषयामुळे आलेली नाही, तुमच्या हातामुळे किंवा तुमच्या समोरच्या नमुन्यामुळे आली आहे. मैत्रिणीने हृदयाकृती पान वहीत दाबून ठेवलेल्या खऱ्या पानावरून काढलं होतं. त्याला डाव्या कडेला किड्याने खाल्लेलं भोक होतं, तेही तिने काढलं. शिवाय एका संयुक्त पानात तिच्या हातून चूक झाली होती. एक पर्णिका, म्हणजे त्यातलं एक छोटं पान, मधल्या देठाला टेकलीच नव्हती, केसाएवढी फट राहिली होती. निसर्गवहीतल्या चित्रांत ते भोक त्याच जागी होतं आणि ती फटही होती. हे बघितलं तेव्हा आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललोच नाही.

आणि एक ओळ होती. तिने एका पानाखाली लिहिलं होतं, ‘हे पान हातात घेतलं की आधी देठ मोडतो.’ हा तिचा अनुभव, पुस्तकातली व्याख्या नव्हे. वहीत ती ओळ शब्दशः होती.

उरलेली पाच सारखी चित्रंही पोस्टमध्ये घातली तर बाजू आणखी भक्कम होईल ना?

उलट कमकुवत होते. लोक पुराव्यातला सगळ्यात कच्चा दुवा पकडतात. दहा पक्क्या जोड्यांत एक कच्ची घातली की चर्चा त्या एकीवर होते.

दुसरंही कारण आहे. ती पाच पानं काढताना मैत्रिणीने वनस्पतिशास्त्राच्या एका जुन्या, सर्वांना खुल्या असलेल्या चित्रफलकाचा आधार घेतला होता. तोच आधार समोरच्यानेही घेतला असू शकतो. स्वतःची वही काढून ‘मी हे कशावरून काढलं होतं’ हे आधी तपासा. हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत तर समोरचा विचारेल, आणि तो सगळ्यांसमोर विचारेल.

कल्पना, शैली, रंगसंगती घेतली असेल तर?

तर पोस्ट वेगळी होते, आणि बहुतेक वेळा न टाकलेली बरी. ‘पानांच्या आकारांचा तक्ता’ ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. पानांच्या आकारांची नावं आणि त्यांच्या व्याख्याही नाहीत. कॉपीराइटचं संरक्षण मांडणीला मिळतं, कल्पनेला नाही. बौद्धिक संपदेबद्दलच्या १९९४ च्या ट्रिप्स करारात कलम ९ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे, आणि जागतिक व्यापार संघटनेचे सगळे सदस्य देश त्या कराराने बांधलेले आहेत.

इथे एक जुना खटला मला नेहमी आठवतो. अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीने आपल्या डिरेक्टरीत काही बनावट नोंदी पेरल्या होत्या. प्रतिस्पर्धी प्रकाशकाच्या डिरेक्टरीत त्यातल्या ४ सापडल्या. म्हणजे नोंदी उचलल्या होत्या याबद्दल शंका उरली नाही. तरीही १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल प्रकाशकाच्या बाजूने दिला, कारण नाव, गाव आणि नंबर ही माहिती होती आणि ती अकारविल्हे लावण्यात कोणाची निर्मिती नव्हती. कॉपी झाली का आणि ती करायला मनाई होती का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या पोस्टमध्ये ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

शैलीबद्दल मन दुखावलं असेल तर ते एखाद्या विश्वासाच्या माणसाशी बोला. ती वेदना खरी असते. पण दुसऱ्यावर जाहीर आरोप करायला तेवढी पुरत नाही.

तारखा कशा द्यायच्या?

सार्वजनिक झाल्याची तारीख द्या आणि तिचा दुवा द्या. ‘मी हे नोव्हेंबरपासून काढत होते’ हे तुमच्यासाठी खरं असतं, पण वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही. फाइलवरची तारीखही फारशी उपयोगाची नाही. फाइल दुसरीकडे कॉपी केली किंवा पुन्हा सेव्ह केली तर ती बदलू शकते. स्क्रीनशॉटमध्ये ‘३ आठवड्यांपूर्वी’ असं दिसत असेल तर पूर्ण तारीख दिसेल असा दुसरा घ्या.

त्यांच्या तारखेबाबत जास्त जपून लिहा. तुम्हाला १९ जूनची नोंद दिसली एवढंच तुम्हाला माहीत असतं. त्यांनी ती वही आधी दुसरीकडे कुठे टाकली असेल, तर ते तुम्हाला कळलेलं नसतं. म्हणून ‘त्यांनी १९ जूनला बनवली’ ऐवजी ‘त्यांच्या पानावर १९ जून ही तारीख दिसते’ असं लिहा.

आधी खासगीत विचारायलाच हवं का?

माझं मत: हो. समोरून धमकी येत असेल किंवा आधी असं झाल्याचा लेखी अनुभव असेल तर गोष्ट वेगळी.

पण क्रम सांभाळा. आधी पुरावे जपून ठेवायचे, मग मेसेज करायचा. पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट घ्या, पत्ता आणि तारीख दिसेल असे. शक्य असेल तर ते पान Wayback Machine या वेबपानांच्या संग्रहाच्या Save Page Now मध्ये साठवा, कारण तिथली नोंद तुमच्या हातात नसते आणि म्हणूनच तिला वजन असतं.

मेसेज लहान ठेवा. मैत्रिणीचा असा होता:

> नमस्कार. तुमच्या निसर्गवहीत पानांच्या आकारांचं जे पान आहे त्यातली ११ चित्रं आणि एक ओळ माझ्या ३ मार्चच्या तक्त्याशी जुळतात. तुलना सोबत जोडली आहे. ती तुमच्याकडे कशी आली ते कळवाल का? १ जुलैपर्यंत उत्तर आलं तर बरं होईल. आपण यातून मार्ग काढू शकू असं मला वाटतं.

‘कशी आली’ हा प्रश्न मी मुद्दाम सुचवला. ‘का घेतलीत’ असं विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो. ‘कशी आली’ म्हटलं की त्याला खरं सांगायला जागा मिळते.

२४ जूनच्या या मेसेजला उत्तर आलं नाही. चार दिवसांनी लक्षात आलं की तो अनोळखी लोकांच्या मेसेजच्या कप्प्यात पडला असणार, आणि तो कप्पा बरेच जण उघडतच नाहीत. वहीवर ईमेल दिला होता. २८ तारखेला तोच मजकूर तिथे पाठवला. म्हणून पोस्टमध्ये ‘त्यांनी उत्तर द्यायचं टाळलं’ असं लिहायचं नाही. ‘२४ आणि २८ जूनला लिहिलं, अजून उत्तर मिळालेलं नाही’ एवढंच लिहायचं.

नाव घ्यायचं की नाही?

यावर लोकांची मतं वेगळी आहेत. माझं स्पष्ट मत सांगते. ‘मी कोणाबद्दल बोलते आहे ते तुम्हाला माहीत आहेच’ हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. तो सभ्य वाटतो, पण वाचणारे लगेच अंदाज बांधू लागतात. पानांची चित्रं काढणारे आणखी चार जण असतात. त्यातल्या एखादीच्या कमेंटमध्ये लोक जाऊन बोलतात आणि तिला काय झालं तेही कळत नाही. ज्याने काहीच केलं नाही त्याच्यावर आळ आला, तर तो तुमच्या पोस्टमुळे आलेला असतो.

म्हणून दोनच मार्ग उरतात. एक तर प्रकरणच जाहीर करायचं नाही. किंवा कामाचं नाव घ्यायचं. आम्ही वहीचं नाव लिहिलं, दुवा दिला आणि त्या क्रिएटरला टॅग केलं नाही. बोलणं कामाबद्दल राहावं म्हणून. त्यांचा फोटो, शहर, घरचे, आधीची नोकरी यांचा तर प्रश्नच येत नाही.

स्क्रीनशॉटवर नाव खोडून टाकणं मला फारसं पटत नाही. चित्र इमेज सर्चमध्ये टाकलं की नाव सापडतं, मग खोडण्याने साधलं काय?

पोस्टमध्ये काय मागायचं?

एक गोष्ट, आणि ती त्यांना प्रत्यक्ष करता येईल अशी. ‘न्याय हवा’ ही मागणी कोणी पूर्ण करू शकत नाही. ‘पुढच्या आवृत्तीत ही ११ चित्रं बदलावीत आणि तोवर सध्याच्या पानावर माझं नाव द्यावं’ ही मागणी कोणी आठवड्याभरातही पूर्ण करू शकतं.

ग्राहकांना ‘पैसे परत मागा’ म्हणणं काढून टाकलं. त्यांनी ६० पानांची वही घेतली होती, त्यातलं एक पान वादाचं होतं.

पैशाबद्दल बोलायचं असेल तर ते खासगीत, आणि पोस्टशी न जोडता. ‘इतके द्या नाहीतर जाहीर करते’ असं एक वाक्य लिहिलंत तर बऱ्याच ठिकाणी ती खंडणीची धमकी धरली जाऊ शकते, तुमची मूळ तक्रार कितीही खरी असली तरी.

राग, दुःख पार काढून टाकायचं?

नाही. स्वतःबद्दलचं एक वाक्य ठेवा. ‘लाज वाटायला हवी होती’ हे त्यांच्याबद्दल आहे. ‘ती ओळ दुसऱ्याच्या वहीत वाचून मला धक्का बसला’ हे तुमच्याबद्दल आहे, आणि ते कोणी खोडू शकत नाही. ते सुरुवातीला न ठेवता तुलनेनंतर ठेवा. तोवर वाचणाऱ्याने चित्रं बघितलेली असतात.

मग शेवटी पोस्ट कशी झाली?

४ जुलैला ही गेली, सोबत तीन जोड्यांची चित्रं:

> मी ३ मार्चला ‘पानांचे आकार’ हा तक्ता टाकला होता (दुवा). ‘…’ या निसर्गवहीत पानांच्या आकारांचं एक पान आहे, त्यावर १९ जून ही तारीख दिसते (दुवा).
>
> त्या पानावरच्या २० चित्रांपैकी ११ माझ्या चित्रांवर ठेवली असता बाह्यरेषा आणि शिरा दोन्ही जुळतात. त्यातली ३ चित्रं आडवी उलटवल्यावर जुळतात. चित्रं फक्त प्रमाणात लहान-मोठी केली आहेत, ताणलेली नाहीत. पहिल्या जोडीत डाव्या कडेचं किड्याचं भोक बघा, ते माझ्याकडच्या एका खऱ्या पानाला होतं. दुसऱ्या जोडीत एक पर्णिका देठाला टेकलेली नाही, ती माझी चूक होती. तिसऱ्या जोडीत खालची ओळ शब्दशः सारखी आहे. उरलेल्या ९ चित्रांबद्दल माझं काही म्हणणं नाही.
>
> यावरून ही ११ चित्रं माझ्या तक्त्यावरून काढलेली दिसतात. ती वहीत कशी आली हे मला माहीत नाही. मी २४ आणि २८ जूनला विचारलं आहे, अजून उत्तर मिळालेलं नाही. कदाचित माझे मेसेज पोहोचले नसतील.
>
> ती ओळ दुसऱ्या वहीत वाचून मला धक्का बसला. माझी विनंती एवढीच: पुढच्या आवृत्तीत ही चित्रं बदलावीत आणि तोवर त्या पानावर माझं नाव असावं. माझी काही चूक होत असेल तर दाखवावी, मी ती याच पोस्टमध्ये लिहीन. कृपया कोणीही त्यांना मेसेज किंवा कमेंट करू नका, उत्तर आलं की मी इथेच कळवेन.

‘उरलेल्या ९ चित्रांबद्दल माझं काही म्हणणं नाही’ हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. त्यावर आमचा बराच वाद झाला. पण पोस्ट वाचून लोकांनी ज्या वाक्यावर विश्वास ठेवला ते हेच.

‘कमेंट करू नका’ म्हटल्यावरही लोक तुटून पडले तर?

पहिले काही तास स्वतः हजर राहा. शिवीगाळ आणि ‘मी त्यांना कळवलं’ छापाच्या कमेंट काढा, तीच विनंती पहिल्या कमेंटमध्ये पिन करा. आवरत नसेल तर कमेंट बंद करा. रात्री झोपायच्या आधी अशी पोस्ट टाकू नका.

सोबत कॉपीराइटची तक्रारही करावी का?

करता येते, पण तडजोडीचं दार उघडं ठेवायचं असेल तर आधी उत्तराची वाट बघा. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चालणाऱ्या प्लॅटफॉर्मवर तक्रार केली की मजकूर काढला जातो. समोरच्याने ‘तक्रार चुकीची आहे’ अशी प्रतिसूचना दिली आणि तुम्ही दावा दाखल केला नाहीत, तर तो साधारण १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत परत येतो. तक्रारीत जाणूनबुजून खोटं लिहिलं तर नुकसानभरपाई तुमच्याकडून मागता येते. तक्रारीत ११ आणि पोस्टमध्ये ‘सगळी’, असं तर अजिबात होऊ देऊ नका. आकडे दोन्हीकडे एकच हवेत.

माझी रागातली पोस्ट आधीच गेली आहे. आता?

गुपचूप पुसू नका, स्क्रीनशॉट फिरत असतातच. तीच पोस्ट बदला आणि वर तारखेसह लिहा: ‘आधी मी सगळी चित्रं आणि चोरी असं लिहिलं होतं. तपासल्यावर ११ चित्रं जुळतात. हेतूबद्दल मला माहीत नाही, ते शब्द मागे घेते.’ काय बदललं ते नेमकं सांगा. नुसतं ‘पोस्ट सुधारली आहे’ लिहिलं तर लोक स्वतःच अंदाज बांधतात.

समोरून उत्तर आलं की काय करायचं? तिच्या प्रकरणात काय झालं?

६ जुलैला ईमेलवर उत्तर आलं. वहीतली चित्रं त्या क्रिएटरने स्वतः काढलीच नव्हती. ते पान पैसे देऊन दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं होतं, आणि त्या माणसाला तो तक्ता कुठेतरी नावाशिवाय मिळाला होता. ‘मुद्दाम नाव काढलं’ हे वाक्य पोस्टमध्ये राहिलं असतं तर ते भलत्याच माणसावर गेलं असतं. बसत नसलेली ती पाच चित्रंही त्याच जुन्या चित्रफलकावरून घेतलेली निघाली.

ईमेल मिळाल्यावर मैत्रिणीने तो पोस्टमध्ये चिकटवला नाही. आधी विचारलं, ‘यातलं किती जाहीर करू?’ मग दोघांनी मिळून चार ओळी ठरवल्या आणि त्या मूळ पोस्टच्या वरच्या टोकाला तारखेसह घातल्या: चित्रं बाहेरून करून घेतली होती, वहीत आजपासून नाव दिलं आहे, सप्टेंबरच्या आवृत्तीत नवी चित्रं येतील, प्रश्न मिटला आहे. खालचा मजकूर तसाच ठेवला.

सप्टेंबरमध्ये वहीची नवी आवृत्ती आली तेव्हा तिने ते पान पुन्हा लेयरवर ठेवून तपासलं आणि पोस्टमध्ये शेवटची ओळ जोडली: ‘११ चित्रं बदललेली आहेत, आज बघितलं.’